बसल्याचे पैसे

दादा गेल्यानंतरच्या पुण्यानुमोदनाला घरापुढे मांडव घातला होता. वंदना झाली आणि मग एकेक जण उठून दोन शब्द बोलू लागला. बोलणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या घरी दादानं कधी ना कधी गायलं होतं. कोणाच्या लग्नात, कोणाच्या गृहप्रवेशाला, कोणाच्या बापाच्या अशाच कार्यक्रमात. सगळे चांगलं बोलले. गळा गोड होता म्हणाले, स्वभाव गोड होता म्हणाले, आणि शेवटी बहुतेक जण एकाच ठिकाणी येऊन थांबले. "पैशासाठी त्या माणसानं कधी तोंड उघडलं नाही." हे वाक्य त्या दुपारी मी सात वेळा ऐकलं. मोजायची गरज नव्हती, पण तिसऱ्यांदा ऐकल्यावर मी मोजायला लागले.

वहिनी माझ्या शेजारी बसली होती. सातव्या वेळी तिनं पदर तोंडाला लावला. लोकांना वाटलं, रडते आहे. मला ठाऊक होतं, ती रडत नव्हती. घरात त्या दिवशी अकराशे रुपये होते आणि मांडववाल्याचे द्यायचे बाकी होते. मांडववाल्यानं मात्र तोंड उघडलं होतं. त्यात त्याचं काही चुकलं नव्हतं.

दादा हिवाळ्यात गेला, हृदयविकारानं, बावन्नाव्या वर्षी. त्याच्या मरणाला कोणी जबाबदार आहे असं मी म्हणत नाही. डॉक्टरांनी जे सांगितलं ते मला पटलेलं आहे. मला राग आहे तो त्याच्या जगण्याच्या हिशोबाचा. त्या रागात मीही येते, ते पुढे सांगते.

त्यांचा चौघांचा संच होता. दादा गायचा आणि हार्मोनियम वाजवायचा, वहिनी गायची, एक जण कीबोर्ड वाजवायचा आणि एक जण ढोलक. ढोलकवाल्याचं राजापेठेत पंखे आणि मिक्सर दुरुस्तीचं लहानसं दुकान आहे. कीबोर्डवाला मुलांना घरोघर जाऊन शिकवतो. दादाचं मात्र दुसरं काही नव्हतं. प्रबोधनाची गाणी, जुनी सिनेमातली गाणी, कव्वाली, लोक म्हणतील ते गायचे. स्वतःचे दोन स्पीकर, एक मिक्सर आणि चार माइक होते. ते हप्त्यांनी घेतले होते.

फोन आला की दादा एकच प्रश्न विचारायचा, "किती तासांचा ठेवता?" समोरचा म्हणायचा, दोन तास. मग दादा रक्कम सांगायचा. हीच त्याची चूक होती, आणि मला वाटतं सगळ्या गाणाऱ्यांची हीच चूक असते. त्यानं आपली किंमत गाण्याच्या तासांवर सांगितली, आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यात हिशोब बसला: दोन तासांचे नऊ हजार. म्हणजे तासाला साडेचार हजार. एवढे तर कलेक्टरालाही मिळत नसतील. हे वाक्यही मी ऐकलं आहे, हसत हसत म्हटलेलं, दादाच्या तोंडावर. दादाही हसला होता.

मागच्या वर्षीच्या मे महिन्यातला अकोल्याचा कार्यक्रम मी डोळ्यांनी पाहिला. मी एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते. उन्हाळ्याची सुट्टी होती, वहिनीला दोन दिवस ताप येऊन गेला होता, म्हणून तिच्या सोबतीला गेले. लग्न एका निवृत्त सरकारी अधिकाऱ्याच्या थोरल्या मुलीचं होतं. आपल्याच समाजातले, शिकलेले, अकोल्यात स्वतःचा दुमजली बंगला. त्यांनी आठ गाण्यांची यादी पाठवली होती. त्यातली तीन गाणी संचानं कधी वाजवली नव्हती. त्या तीन गाण्यांसाठी आमच्या पुढच्या खोलीत तीन संध्याकाळी तालीम झाली. ढोलकवाला त्या तीन दिवशी दुकान सहालाच बंद करून आला. मी आतल्या खोलीत पुस्तक वाचत होते आणि एकच कडवं सोळा वेळा ऐकून वैतागले होते, हे मला आठवतं.

सकाळी सातला आम्ही भाड्याच्या व्हॅनमधून अमरावती सोडली. स्पीकर मांडीला लागत होते. साडेनऊला अकोल्यातल्या लॉनवर पोचलो. तासाभरात तारा जोडून, माइक तपासून सगळे तयार झाले. लग्न अकराचं होतं. त्याआधी अर्धा तास गाणी, मग विधी, मग जेवणं चालू असताना गाणी, असं ठरलं होतं.

अकरा वाजता नवरदेव घरून निघालेला नव्हता. वरपक्ष हिवरखेडचा. एकला ते निघाल्याचा फोन आला. यजमानांनी सांगितलं, पाहुणे आल्याशिवाय गाणं सुरू करू नका, आल्याबरोबर एकदम जोरात सुरू करा. म्हणजे उठून कुठे जाताही येईना. स्टेजच्या मागे पत्र्याचा आडोसा होता, तिथे चौघे बसले. अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन ज्यानं सोसलं आहे त्याला पत्र्याखालची दुपार सांगावी लागत नाही. कूलर होते, पण ते पाहुण्यांच्या खुर्च्यांकडे तोंड करून. वहिनीनं ओढणी ओली करून डोक्यावर घेतली. दादा दर थोड्या वेळानं हार्मोनियमवर ओला पंचा टाकत होता. गरमीनं सूर उतरेल म्हणत होता.

दोन वाजता ढोलकवाला जेवणाचं विचारायला गेला आणि परत आला.

"काय म्हणे?" कीबोर्डवाल्यानं विचारलं.

"म्हणे, आधी पावणे. मंग वाजंत्री."

"आपण वाजंत्री आहो काय?"

"नाही त काय, आपण पावणे आहो?" ढोलकवाला म्हणाला आणि पाण्याची बाटली डोक्यावर रिकामी करून बसला.

आडोशाच्या पलीकडे जनरेटरवाला होता. खाटेवर आडवा पडून मोबाइल पाहत होता. त्याचं जनरेटर दहापासून चालू होतं. तो मजेत होता. दादानं त्याला सहज विचारलं, "तुमचं कसं ठरलं?"

"सहा तास. चारच्या पुढं गेलं का घंट्याले सहाशे."

"देतात?"

"देतात कशे नाही? बंद करून देतो न मी." तो उठून बसला. "डिझेल जयते भाऊ. माह्या बापाचं हाय काय?"

दादा हसला आणि आमच्याकडे वळून म्हणाला, "आपलं काय जळते?"

सगळे हसले. मीही हसले. तो प्रश्न विनोद नव्हता, हे कळायला मला त्याचं मरण लागलं.

गाणं साडेतीनला सुरू झालं आणि पावणेसहाला संपलं. दादा फार छान गायला. उपाशीपोटी, पत्र्याखाली पाच तास तापल्यावर तो असा कसा गाऊ शकतो, याचंच मला नवल वाटलं होतं. लोक उठून उठून बक्षीस देत होते. आमच्याकडे ही रीत आहे. गाणं आवडलं की माणूस स्टेजजवळ येतो, दहाची, पन्नासची, शंभराची नोट देतो, आणि गाणारा दोन ओळींच्या मध्ये त्याचं नाव घेऊन आभार मानतो. दादानं एकूणएक नाव घेतलं. नोटा हार्मोनियमवर ठेवल्या. त्या अकराशे पन्नास भरल्या.

सामान बांधून पैशांसाठी पाऊण तास उभे राहिलो. अखेर यजमान आले. पाकीट काढून मोजले आणि सात हजार आठशे पन्नास दिले.

दादा म्हणाला, "साहेब, नऊ ठरले होते."

"हो न. अकराशे पन्नास तुमाले भेटले न वरून? माह्याच पावण्याइनं देल्ले. मांडव माहा, पावणे माहे." मग दादाच्या खांद्यावर हात ठेवून, "अन् घरचंच कार्य हाय आपलं. पुढच्या वर्षी धाकटीचं हाय, ते बी तुमालेच."

दादानं पैसे खिशात घातले. "चालते साहेब," म्हणाला. मागे जनरेटरवाला जादा दोन तासांचे बाराशे मोजून घेत होता. त्याला कोणी म्हटलं नाही की कार्य घरचंच आहे.

व्हॅनचे तीन हजार गेले. त्यात ड्रायव्हरचे थांबण्याचेही होते, कारण व्हॅनवाला थांबण्याचे घेतोच. ढोलक आणि कीबोर्डवाल्याला पंधराशे, पंधराशे. दादानं त्यांचे कधी कापले नाहीत. बक्षीस धरून उरले तीन हजार, दोन गाणाऱ्यांचे. सकाळी सात ते रात्री नऊ, चौदा तास. तालमीचे साडेसात तास. दोघांचे मिळून त्रेचाळीस तास. तासाला सत्तर रुपयेही नाहीत. स्पीकर-मिक्सरचा हप्ता यातूनच. हा हिशोब मी त्या दिवशी केला नाही. दादा गेल्यावर, फेब्रुवारीत, ग्रंथालयाच्या टेबलावर बसून केला, आणि पुन्हा एकदा करून पाहिला. आकडा तोच येत होता.

माझी गोष्ट अशी. चार वर्षांपूर्वी आमच्या ग्रंथपालांच्या निरोप समारंभात गाणी हवी होती. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, माझा भाऊ आहे ना, सांगते. दादा संच घेऊन आला. अकराचा समारंभ, प्राचार्य बाराला आले, भाषणं दोनपर्यंत चालली. दादा मागच्या बाकावर बसून होता. शेवटी पंचवीस मिनिटं गायला. आम्ही त्याला शाल आणि पुष्पगुच्छ दिला. ढोलकवाल्याला आणि कीबोर्डवाल्याला त्यानं स्वतःच्या खिशातून पाचशे-पाचशे दिले, हे मला वहिनीनं आता सांगितलं. मी तेव्हा विचारलंच नाही. फुलांचे साडेतीनशे रुपये मात्र मी वर्गणीतून हिशोबानं चुकते केले होते आणि पावती फायलीला लावली होती.

अकोल्याच्या साहेबांनी दिवाळीत दोन हजार आगाऊ पाठवले होते. धाकटीचं लग्न एप्रिलच्या शेवटी. दादानं फोनवर पुन्हा नऊच सांगितले होते. तो गेल्यावर वहिनीनं ते दोन हजार एका डब्यात बाजूला ठेवले. औषधाची उधारी असताना ठेवले, मांडववाला दारात असताना ठेवले. "गाणं झाल्याशिवाय ते आपले नाहीत," म्हणाली.

गाणं सोडायचं की चालवायचं, हा प्रश्न तिच्यासमोर होता. तिला दुसरं काही येत नाही. एका ओळखीच्या बाईंनी तिला शिवणकाम सुचवलं, दुसरीनं पाळणाघरातली नोकरी. वहिनी मला म्हणाली, "तीस वर्षं गायले मी. आता काज-बटण करू काय?" बडनेऱ्याचे एक शाळेतले लिपिक पुरुषाचा आवाज द्यायला तयार झाले. ढोलक आणि कीबोर्डवाले होतेच. पण घर चालेल अशा पैशात संच चालतो का, हे अकोल्याच्या कार्यक्रमावरच ठरणार होतं. दुसरं बोलावणं हातात नव्हतं. हा कार्यक्रमही हातचा गेला असता तर ढोलकवाला दुकान सांभाळणार होता आणि वहिनी काज-बटण करणार होती.

मार्चअखेरीला साहेब कपडे घ्यायला सपत्नीक अमरावतीला आले, तेव्हा घरी आले. आधी दादाच्या फोटोला हात जोडले. चहा झाला. मग म्हणाले, "वहिनी, गाता न तुमी? का दुसरं पाहू?"

"गाते," वहिनी म्हणाली.

"मंग झालं त. सात देतो. एक माणूस कमी झाला न."

मी वहिनीकडे पाहिलं. ती खाली पाहत होती. ती 'बरं' म्हणणार, हे मला दिसत होतं. मी फार बोलणारी बाई नाही. माझं सगळं आयुष्य लोकांना हळू बोला म्हणण्यात गेलं आहे. मी आत गेले आणि आठवडाभर लिहीत असलेला कागद आणला. वहिनीला तो आधी दाखवला होता. तेव्हा तिनं वाचून घडी घालून परत दिला होता. "असं कोणी देत नाही," एवढंच म्हणाली होती.

"माणूस कमी झालेला नाही," मी म्हटलं. "बडनेऱ्याहून येणार आहे. तो नवा आहे म्हणून तालीम जास्त लागेल. हे वाचा."

त्यांनी चष्मा लावला. कागदावर फार नव्हतं. तालीम तीन संध्याकाळी, चौघांचे, माणशी दिवसाला अडीचशेप्रमाणे, तीन हजार. दोन तासांचं गाणं, चौघांचे सहा हजार. व्हॅन तीन हजार. स्पीकर, मिक्सर, माइकचे पंधराशे. एकूण साडेतेरा हजार. खाली: ठरलेल्या वेळेपासून दीड तास आम्ही थांबू, त्यानंतर गाणं सुरू होईपर्यंत तासाला आठशे, चौघांचे मिळून. बक्षीस गाणाऱ्यांचं, ते कापायचं नाही. जेवण दोनच्या आत. निम्मे आधी. उरलेले, थांबण्याचे धरून, गाणं सुरू होण्याच्या आधी.

"ताई, तुमी त कोर्टाचाच कागद आणला!" साहेब बायकोकडे पाहून हसले. "पाह्य वं, आता गाणंबी मीटरवर."

"रिक्षासारखं," त्या म्हणाल्या.

"जनरेटरसारखं," मी म्हटलं.

ते हसायचे थांबले. "दादाचा शब्द होता नऊचा. तो देवमाणूस होता. तो असता त असा कागद घरात आला नसता."

तेव्हा वहिनी उठली. आतून डबा आणला आणि दोन हजार त्यांच्यापुढे टेबलावर ठेवले.

"हे तुमचे. त्याइनं शब्द देल्ला होता अन् तुमी आताच तो सातावर आणला. म्हंजे तो शब्द आता त्याइचाबी नाही अन् तुमचाबी नाही. नव्यानं ठरवायचं असन त ठरवू."

मी वहिनीला इतकं सलग बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

साहेबांनी पैशांना हात लावला नाही. लग्नाला महिना राहिला होता, आणि एप्रिलमधल्या तारखांना चांगले संच आधीच ठरलेले असतात, हे त्यांनाही ठाऊक होतं. त्यांनी कागद पुन्हा हातात घेतला. "तालमीचे पैसे? तालीम त तुमची तुमी करता. आचारी काय भाजी शिकाचे पैसे घेते?"

"यादी तुमची आहे," मी म्हटलं. "आम्हाला येतात तीच गाणी ऐकणार असाल तर तालमीचे काढून टाकते."

"अन् हे थांबाचे? थांबणं काय काम हाय? खुर्चीवर बसून त राह्यता."

मी चहाचा कप बाजूला ठेवला. "साहेब, तुम्ही नोकरीत दौऱ्यावर जायचे ना?"

"मंग! आर्धी नोकरी दौऱ्यात गेली."

"भत्ता कसा मिळायचा? बैठक चालली तेवढ्याच वेळाचा, की मुख्यालय सोडल्यापासून परत येईपर्यंतच्या तासांचा?"

आमच्या महाविद्यालयात प्रवासभत्त्याची बिलं माझ्याही टेबलावरून जातात. निघाल्याची वेळ, पोचल्याची वेळ, परतल्याची वेळ. पुण्याला एका सहीसाठी गेलेला माणूस स्टेशनवर गाडीची वाट पाहत बसलेले तासही त्यात धरतो, आणि ते बरोबरच आहे.

"बैठक वरचे साहेब उशिरा आले म्हणून लांबली," मी म्हटलं, "तर तुमचा भत्ता कापला का कोणी? तुम्हीही खुर्चीवरच बसून होता."

त्यांच्या पत्नीला हसू आलं आणि त्यांनी ते चहाच्या कपात लपवलं. साहेब मात्र लाल झाले. "सरकारी काम अन् हे एक हाय काय?"

"नाही," वहिनी म्हणाली. "सरकारी कामात पंखा असते."

मग घासाघीस सुरू झाली. साहेब बारावर अडून बसले. मी नाही म्हणणार होते, पण पैसे माझे नव्हते. वहिनी म्हणाली, "सामानाचे सोडते. थांबाचे अन् बक्षिसाचे नाही सोडत." मला ते आवडलं नाही. सामानाचा हप्ता तीच भरते. पण तिनं काय निवडलं, ते मला नंतर समजलं.

थांबण्याच्या ओळीवर साहेबांनी बोट ठेवलं आणि एकदम मोकळे झाले. "राहू द्या ते. लिहा, लिहा. आमच्याकडं उशीर होतच नाही."

ते हे मनापासून म्हणाले. मागच्या वर्षीचे पाच तास त्यांच्या लेखी घडलेच नव्हते. त्यांनी कागदावर सही केली, चार हजार आणखी दिले, डब्यातले दोन धरून सहा झाले, आणि दादाच्या फोटोला पुन्हा हात जोडून गेले.

ते गेल्यावर ढोलकवाला आला. कागद पाहून त्यानं डोक्याला हात लावला. "ताई, काहून लिहिलं हे? गावभर करन तो. उद्या कोनी बलावनार नाही आपल्याले."

"मग मला शिव्या द्या," मी म्हटलं.

"देईनच न," तो म्हणाला.

लग्नाच्या दिवशी मी रजा काढून गेले. तेच लॉन, तोच पत्रा, आणि जनरेटरवालाही तोच. त्यानं दादाबद्दल विचारलं. वहिनीनं सांगितलं. तो खाटेवरून उठला आणि त्यानं खाट वहिनीला बसायला दिली.

वेळ अकराची होती. मी पुस्तक आणलं नव्हतं. साडेबाराला मी साहेबांकडे गेले आणि म्हटलं, दीड तास झाला, आता पुढचे तास लागतील. त्यांनी हात झटकला. "येऊन राह्यले, येऊन राह्यले. मूर्तिजापूर सोडलं त्याइनं." दीडला मी परत गेले, तेव्हा त्यांनी पाठ फिरवली. जेवण मात्र पावणेदोनला आलं. चार ताटं, वर झाकलेली, साहेबांच्या पत्नीनं पाठवलेली. अडीचला मी पुन्हा गेले. जवळ उभे असलेले कोणी पाहुणे हसून म्हणाले, "या बाई त मिनटामिनटाचा हिशोब घेऊन राह्यल्या." मी म्हटलं, "तासाचा." माझा आवाज लोकांना ऐकू जाईल एवढा मोठा होता. आयुष्यात पहिल्यांदा असेल.

नवरदेव साडेतीनला आला. माइक तयार होते. वहिनी स्टेजवर चढली नाही. खालीच, पायरीजवळ, हार्मोनियमला टेकून उभी राहिली. बँडवाले दारात वाजवून थांबले होते. सगळे स्टेजकडे पाहत होते. साहेब धावत आले. "वहिनी, सुरू करा न! पावणे उभे हायेत!"

वहिनी माझ्याकडे पाहू लागली. मी कागद पुढे केला. "उरलेले सहा हजार. आणि तीन तासांचे चोवीसशे."

"आत्ता? आत्ता काय टाइम हाय हा?"

"हीच वेळ लिहिली होती."

त्यांच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी कधी विसरणार नाही. अपमान होता. चोवीसशे रुपये त्यांना जड नव्हते. फुलांच्या कमानीलाच कितीतरी गेले असतील. त्यांचा अपमान झाला होता तो गाणाऱ्यानं मागितलं याचा. खिशातून नोटा काढून त्यांनी माझ्या हातावर आपटल्या. मी त्या तिथेच मोजल्या. आठ हजार चारशे. ते म्हणाले, "तुमचे दादा देवमाणूस होते."

"हो," मी म्हटलं. "म्हणूनच तुम्हाला परवडले."

वहिनी स्टेजवर चढली आणि पहिलंच गाणं तिनं वरच्या पट्टीत उचललं. बडनेऱ्याच्या लिपिकाचा आवाज दादासारखा नव्हता. दुसऱ्या कडव्याला ती एकदा थांबली, ढोलकवाल्यानं तेवढी जागा ठेक्यानं भरून काढली, आणि ती पुढे गेली. बक्षीस कमी आलं, सातशे. तिनं प्रत्येकाचं नाव घेतलं.

सामान बांधून झाल्यावर, व्हॅन निघायच्या आधी, तिनं बोनेटवर पैसे वाटले. ढोलकवाल्याला त्याचे गाण्याचे पंधराशे दिले, तालमीचे साडेसातशे दिले. मग आणखी सहाशे दिले.

"हे कशाचे?" त्यानं विचारलं.

"बसल्याचे."

त्यानं नोटा उलट्यासुलट्या करून पाहिल्या. बावीस वर्षं तो दादाबरोबर वाजवत होता. ज्या पत्र्यांखाली, ज्या जिन्यांखाली, स्वयंपाकघरांच्या मागच्या बाजूंना तो बसला असेल, ती सगळी मला त्याच्या तोंडावर दिसली, किंवा मला तसं वाटलं. "बसल्याचे," तो म्हणाला. नोटा त्यानं वेगळ्या खिशात ठेवल्या, बाकीच्यांत मिसळल्या नाहीत.

परतीच्या वाटेवर सगळे खुशीत होते. मी नव्हते. मला वाटलं होतं, पैसे हातात आले की राग उतरेल. तो वाढला. इतकंच करायचं होतं. एक कागद, एक सही, आणि पायरीशी दोन मिनिटं उभं राहणं. बावीस वर्षांत हे कोणालाच सुचलं नाही. दादाला सुचलं नाही, कारण त्याला वाटायचं, मागितलं की गाण्याची किंमत जाते. आणि मी आतल्या खोलीत पुस्तक वाचत होते. भत्त्याची बिलं रोज तपासणारी मी, सोळा वेळा तेच कडवं ऐकून दार लावून घेत होते.

वहिनीनं खिडकीशी डोकं टेकलं होतं. मूर्तिजापूर गेल्यावर तिनं डोळे न उघडता विचारलं, "तो कागद आहे न जवळ?"

"आहे."

"त्याच्या दहा प्रती काढून आण उद्या. नाव-तारखेची जागा कोरी ठेव. अन् सामानाचे पंधराशे परत लिही. ते मी आता कोणाले सोडणार नाही."